फोटोवरून पोर्ट्रेट: दर, बदलांच्या फेऱ्या आणि शेवटी हातात द्यायची फाईल

प्रश्न: "मी साताऱ्यात घरूनच टॅबलेटवर फोटोवरून रंगीत पोर्ट्रेट काढून देते. सहा महिने झाले. एका चेहऱ्याचे ३०० रुपये घेते. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने चार जणांच्या चित्रात अकरा वेळा बदल करायला लावले आणि शेवटी ओपन फाईल, म्हणजे चित्राचे सगळे थर सुटे असलेली फाईल, मागितली. दर किती ठेवू, बदल किती वेळा करून द्यायचे आणि फाईल नक्की कोणती द्यायची?"

ताई, ३०० रुपये कमीच आहेत, पण तुमचं खरं नुकसान दरात झालेलं नाही. ते अकरा बदलांत झालंय. उद्या तुम्ही ६०० केलेत आणि बदल तसेच चालू राहिले, तरी महिन्याच्या शेवटी हातात तेवढंच उरेल. ६०० रुपयांत काय मिळणार आणि काय नाही, हे गिऱ्हाइकाला आधी कळलं पाहिजे. मी सांगलीत चौदा वर्षं हे काम करतो. त्याआधी पाच वर्षं एका फोटो लॅबमध्ये प्रिंटिंगला होतो, त्यामुळे फाईल छापायला गेल्यावर तिचं काय होतं हेही जवळून पाहिलंय.

दराचं आधी सांगतो. पुढच्या तीन चित्रांना वेळ मोजा आणि वहीत लिहा. फक्त रंगवण्याचा नको, फोटो मागवण्यापासून शेवटची फाईल पाठवेपर्यंतचा सगळा. व्हॉट्सॲपवर बोलण्यात किती वेळ जातो ते लिहिल्याशिवाय कळत नाही. समजा एका चेहऱ्याच्या, खांद्यापर्यंतच्या चित्राला बोलणं आणि फोटो निवडणं अर्धा तास, रेखाटन एक तास, रंग दोन तास, बदल आणि फाईल तयार करणं अर्धा तास, असे चार तास लागले. ३०० रुपयांना चार तास म्हणजे तासाला ७५.

आता उलट बाजूने या. महिन्याला घरात किती यायला हवेत? समजा १५,०००. नेट, वीज, ॲपचे पैसे आणि टॅबलेटची झीज मिळून १,५०० धरा. महिन्यात तुम्ही १२५ तास बसत असाल, तरी पैसे मिळणारे तास त्यातले ८० सुद्धा असतील की नाही शंका आहे. बाकीचे चौकशांना उत्तरं देण्यात आणि नमुने काढण्यात जातात. १६,५०० भागिले ८० केले की तासाला साधारण २०० येतात. म्हणजे चार तासांचं चित्र ८०० रुपयांचं झालं. त्याच चित्रात दुसरा चेहरा आला तर पार्श्वभूमी आणि बोलणं पुन्हा होत नाही, त्यामुळे पुढच्या प्रत्येक चेहऱ्याला अडीच तास धरून ५००. चार जणांचं कुटुंब २,३०० रुपयांना. तुम्ही त्याचे १,२०० घेतलेत.

हे आकडे माझे नाहीत, तुमचेही नाहीत. हिशोब कसा करायचा ते दाखवायला घेतलेत. तुमची शैली सपाट रंगांची, डोळे-नाक नसलेल्या चेहऱ्यांची असेल तर वेळ निम्म्यावर येतो. ब्रशचे फटकारे दिसतील असं रंगवत असाल तर दुप्पट जातो. राजवाड्याजवळच्या दुकानदाराकडून आलेलं काम आणि इन्स्टाग्रामवरून पुण्याहून आलेलं काम यांची पैसे द्यायची तयारीही सारखी नसते. पण कोणी "ताई, थोडं कमी करा की" म्हणालं तर दर उतरवू नका, काम उतरवा. "८०० ऐवजी ६०० मध्ये पार्श्वभूमी एकाच रंगाची आणि फक्त खांद्यापर्यंत देते" म्हणा. तेच काम कमी पैशात दिलंत की पुढचं गिऱ्हाईक त्याच आकड्यापासून बोलायला लागतं.

आता बदलांकडे येतो, खरा प्रश्न तिथेच आहे. माझं एक काम सविस्तर सांगतो. मिरजेच्या एका घरात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आजी जाऊन बारा वर्षं झाली होती आणि दोघं शेजारी बसलेत असं चित्र हवं होतं. आजोबांचा मोबाईलवर काढलेला ताजा फोटो आला. आजींचा मात्र स्टुडिओतला जुना ब्लॅक अँड व्हाईट, चाळिशीतला असावा. मी १,५०० रुपये सांगितले, सगळं रंगवून पूर्ण केलं आणि पाठवलं. ते गेलं चौदा जणांच्या घरच्या ग्रुपवर. तिथून सतरा बदल आले आणि सगळं धरून एकोणीस तास गेले. म्हणजे तासाला ७९ रुपये, आणि तेव्हा माझ्या हाताला दहा वर्षांचा सराव होता.

काम संपल्यावर मी ते सतरा बदल कागदावर मांडले. नऊ चेहऱ्याचे होते. त्यातले बहुतेक आजींच्या वयाचे: थोरल्या मुलीला आई तरुणच हवी होती, धाकट्या मुलाच्या डोळ्यांसमोर शेवटच्या वर्षांतली आई होती. चार बदल नऊवारीच्या रंगाचे, कारण ब्लॅक अँड व्हाईट फोटोत रंग नाही आणि एकीला हिरवी आठवत होती, दुसरीला मोरपंखी. दोन नातवाला मांडीवर बसवण्याचे, म्हणजे आख्खा नवा चेहरा आणि मग त्याची जागा बदलणं. उरलेले दोन आकाराचे: मी इन्स्टाग्रामसारखं चौकोनी काढलं होतं आणि कार्यक्रमाच्या दारात दोन बाय तीन फुटांचा उभा फ्लेक्स लागणार होता, म्हणून खालची नऊवारी आणि हात नव्याने काढावे लागले.

या सतरांपैकी रंग भरून झाल्यावरच कळू शकला असता असा एकही बदल नव्हता. सगळे आधी विचारता आले असते. त्या लोकांनी मला त्रास दिला असं मी तेव्हा म्हणायचो, आज म्हणणार नाही. त्यांना बोलायला योग्य जागाच मी दिली नव्हती.

तेव्हापासून मी तीन ठिकाणी थांबतो. पहिला थांबा काही काढायच्या आधीचा. चित्रात कोण, कोणी कुठे बसायचं, दिवंगत व्यक्ती असेल तर वय कोणतं दाखवायचं, कपड्यांचे रंग, आणि चित्र शेवटी कुठे लागणार. हे एका मेसेजमध्ये लिहून पाठवतो आणि "बरोबर आहे" असं उत्तर घेतो. दुसरा थांबा रेघांच्या रेखाटनाचा. चेहरा, बसण्याची ढब, हात, केस याबद्दल जे बोलायचं ते इथे, दोन फेऱ्या. तिसरा थांबा रंग भरल्यानंतरचा, एक फेरी, आणि त्यात फक्त रंग, पार्श्वभूमी आणि अक्षरं. रेखाटन मंजूर झाल्यावर चेहऱ्याची रेघ हलवायची असेल तर तो जादा बदल, त्याचे वेगळे पैसे.

फेरी म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. फेरी म्हणजे एक बदल नव्हे, एका वेळी एका माणसाकडून आलेली पूर्ण यादी. त्या यादीत पाच गोष्टी असोत की एक, ती एकच फेरी. सकाळी काकू, दुपारी वहिनी आणि रात्री दादा असं सुटं सुटं आलं तर मी हात लावत नाही. "सगळ्यांचं विचारून एकदाच पाठवा" एवढंच लिहितो. होकार देणारा माणूस एकच, आणि त्याचं नाव पहिल्याच मेसेजात. माझी चूक असेल तर मात्र ती फेरीत धरत नाही. गालावरचा तीळ राहिला, मंगळसूत्राच्या वाट्या उलट्या आल्या, कुंकू विसरलो, तर ते मी केव्हाही फुकट दुरुस्त करतो. तीन फेऱ्यांनंतर प्रत्येक यादीला अर्ध्या तासाचा दर लावा आणि काम करायच्या आधी आकडा सांगा. नवा माणूस घालायचा असेल तर तो बदल नव्हे, वाढीव चेहरा. त्याचे ५००.

आता रेखाटनाच्या थांब्यावर येणारं सगळ्यात अवघड वाक्य: "छान आहे, पण हे आमचे बाबा वाटत नाहीत." इथे नवीन माणूस गडबडतो आणि अंदाजाने नाक बारीक करत बसतो. आधी फोटो तपासा. जवळून घेतलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. तुम्ही त्याबरहुकूम काढलंत तर चित्र फोटोशी जुळतं, माणसाशी नाही. ब्युटी फिल्टरचा फोटो असेल तर जबड्याची ठेवणच बदललेली असते. म्हणून मी मुख्य फोटोबरोबर त्याच माणसाचे आणखी दोन-तीन फोटो मागतो, दुसऱ्या कोणीतरी थोडं लांबून काढलेले. मुख्य फोटोत चेहरा मोठा करून पाहतो. पापण्या आणि डोळ्यांची कड वेगळी दिसत नसेल, सगळं चौकटी-चौकटींचं होत असेल, तर तो फोटो नाकारतो. हनुवटीपासून कपाळापर्यंत निदान ४०० पिक्सेल हवेत असा माझा अंदाज. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नेहमीच्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सॲप तो लहान करतं आणि तुमच्याकडे येईपर्यंत तपशील गेलेला असतो.

फोटो चांगला असूनही ओळख पटत नसेल तर दोन जागा पाहा. एक, नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येणारी घडी. फोटोत ती मऊ सावली असते. आपण ती गडद रेघ म्हणून काढली की माणूस दहा वर्षांनी म्हातारा होतो. ती रेघ अर्ध्यावर सोडा किंवा त्वचेच्याच रंगाची थोडी गडद छटा घ्या. दुसरी जागा हसण्यातले दात. प्रत्येक दातामध्ये रेघ मारली की चेहरा परका होतो. दातांचा एकच पांढरट पट्टा ठेवा, फक्त कडांना किंचित सावली द्या. "हे बाबा नाहीत" म्हणणारी निम्मी माणसं माझ्याकडे या दोन दुरुस्त्यांनी समाधानी झाली आहेत.

त्वचेच्या रंगाबद्दलही आधीच बोला. "थोडं उजळ करा" ही मागणी येतेच. मी रेखाटनाबरोबर त्वचेच्या रंगाचा एक छोटा चौकोन पाठवतो आणि त्यावर होकार घेतो. उन्हातल्या आणि ट्यूबलाईटखालच्या फोटोत एकाच माणसाचा रंग वेगळा येतो, तेवढ्यापुरता फरक मी मान्य करतो. सावळ्या माणसाला गोरं करून मी देत नाही आणि ते पहिल्याच दिवशी नीट सांगतो.

पैसे असे घ्या: निम्मे रेखाटनाच्या आधी, उरलेले पूर्ण आकाराची फाईल देण्याच्या आधी. रेखाटनाच्या आधीच का? कारण खरं कौशल्य तिथे खर्च होतं. काम तिथे थांबलं तर ॲडव्हान्स परत नाही, हेही लिहा. मधल्या काळात दाखवायला लांब बाजू १,००० पिक्सेल एवढीच प्रत पाठवा, कपड्यांवरून तुमचं नाव फिकट आडवं टाकून. चेहऱ्यावर नाव टाकू नका, नाहीतर त्यांना चेहरा नीट पाहताच येत नाही आणि मग बदल पुढे ढकलले जातात.

फाईलचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण कामात तो सगळ्यात आधी येतो. कॅनव्हास किती मोठा घ्यायचा हे चित्र कुठे लागणार त्यावर ठरतं, आणि लहान काढून नंतर मोठं केलेलं चित्र धूसरच होतं. घरात लावायच्या फ्रेमसाठी मी बारा बाय अठरा इंच हे माप धरतो. इंचाला ३०० पिक्सेलने ते ३६०० × ५४०० होतं. या मापाची एक सोय आहे. फ्लेक्स लांबून पाहायचा असतो, तिथे इंचाला ७२ पिक्सेल पुरतात. चार बाय सहा फुटांच्या फ्लेक्सला त्या हिशोबाने ३४५६ × ५१८४ लागतात. म्हणजे तीच फाईल फ्रेमलाही चालते आणि दारातल्या फ्लेक्सलाही, आणि लांबी-रुंदीचं प्रमाणही तेच राहतं. मिरजेच्या कामात मी हे आधी केलं असतं तर शेवटचे दोन बदल आलेच नसते. तुमच्या टॅबलेटवर एवढ्या मोठ्या कॅनव्हासला थर कमी मिळत असतील तर इंचाला २०० घ्या, २४०० × ३६०० होईल. भिंतीवरची फ्रेम हातभर अंतरावरून पाहिली तर फरक जाणवत नाही. मोठा फ्लेक्स मात्र मग जवळून मऊ दिसेल, ते सांगून ठेवा.

कडांची काळजी घ्या. फ्रेमची पट्टी चारही बाजूंनी पाव इंच तरी झाकते आणि लॅबच्या कटिंगमध्येही थोडं जातं. खाली लिहिलेली नावं आणि तारीख कडेपासून निदान अर्धा इंच आत ठेवा. लॅबमध्ये असताना कापलेल्या तारखांवरून भांडणारी माणसं मी खूप पाहिली. लाकडी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास करायचा असेल तर चारही बाजूंनी दोन-दोन इंच पार्श्वभूमी जास्त लागते, आणि ती सुरुवातीलाच काढावी लागते.

शेवटी मी दोनच फाईल देतो: `print_12x18.jpg`, पूर्ण आकाराची, रंगाची सेटिंग `sRGB`, आणि `mobile.jpg`, लांब बाजू १,६०० पिक्सेल, स्टेटसला टाकायला. फोटो लॅबला ही जेपीजी चालते. फ्लेक्सवाला त्याच्याकडे ती सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, करून घेतो, आणि तिथे भडक निळा-हिरवा थोडा मंद पडतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. फाईल ड्राईव्हच्या लिंकने किंवा डॉक्युमेंट म्हणून द्या आणि खाली लिहा: "फ्रेमवाल्याला पाठवतानाही डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा." नाहीतर ते गॅलरीतून फोटो म्हणून पुढे ढकलतात, छपाई धूसर येते आणि नाव तुमचं खराब होतं.

ओपन फाईल दरात धरू नका. कोणी मागितली तर आधी कशासाठी हवी ते विचारा. माझ्याकडे दहातले आठ जण फ्लेक्सवाल्याच्या सांगण्यावरून मागतात, कारण त्याला चित्रामागे स्वतःची पार्श्वभूमी आणि नावं टाकायची असतात. त्यासाठी थर लागत नाहीत, पार्श्वभूमी काढलेली पीएनजी पुरते. ती मी थोड्या जादा पैशात देतो. थरांसकट फाईल मी फार क्वचित देतो आणि चित्राच्या किमतीएवढेच आणखी घेतो, कारण त्यानंतर चेहऱ्यावर कोण काय करेल यावर माझा ताबा राहत नाही.

हक्कांबद्दलही एक गोष्ट माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या पोर्ट्रेटचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो, दोघांत वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणजे तुम्ही काढलंत म्हणून ते इन्स्टाग्रामवर टाकायचा हक्क आपोआप तुमचा होत नाही. म्हणून पहिल्या मेसेजमध्येच विचारून घ्या. तो मेसेज मी साधारण असा लिहितो:

"दोन चेहरे, खांद्यापर्यंत, बारा बाय अठरा इंच. १,३०० रुपये, ६५० आधी, ६५० फाईल देण्याआधी. रेखाटनावर बदलांच्या दोन फेऱ्या, रंगांवर एक. प्रत्येक फेरीची यादी एकाच व्यक्तीने एकदम पाठवावी. चार दिवसांत उत्तर आलं नाही तर तारीख तेवढी पुढे जाईल. फाईल जेपीजी मिळेल, ओपन फाईल यात नाही. नमुना म्हणून मी चित्र माझ्या पेजवर टाकलं तर चालेल का?"

राहिलं तुमचं अकरा बदलांचं गिऱ्हाईक. झालेल्या बदलांचे पैसे आता मागू नका, आधी सांगितलं नव्हतं तर ते मागणं बरोबर नाही. ओपन फाईल मात्र देऊ नका. फ्लेक्स करायचाय का ते विचारा. करायचा असेल तर पार्श्वभूमी काढलेली पीएनजी या वेळेपुरती तशीच द्या, आणि पुढच्या कामाचे दर आणि फेऱ्या त्याच मेसेजमध्ये लिहून पाठवा. चार जणांचं चित्र मनासारखं झालं असेल तर त्या घरातून दुसरं काम येईल, आणि ते २,३०० च्या हिशोबाने सुरू होईल.